विषय : धाकट्या भावाच्या सिंगापूरमधील लग्नासाठी ९ ते १६ डिसेंबर २०२६ रजा

प्रति,
मा. व्यवस्थापकीय संचालक
प्रत : मनुष्यबळ विभाग
दिनांक : २६ ऑक्टोबर २०२६

आदरणीय साहेब,

माझ्या धाकट्या भावाचं लग्न सिंगापूरला ठरलं आहे. शनिवारी १२ डिसेंबरला नोंदणी आणि रविवारी १३ तारखेला विधी. आई-बाबांचा हा पहिलाच विमानप्रवास, त्यामुळे त्यांना नेणं-आणणंही माझ्याकडेच आहे. बुधवार ९ ते बुधवार १६ डिसेंबर अशी अर्जित रजा मिळावी, ही विनंती. गुरुवारची सुट्टी वगळता ती ७ दिवसांची होते. माझ्या खात्यावर ११ दिवस शिल्लक आहेत. १७ तारखेला गुरुवारच आहे, म्हणून शुक्रवारी १८ ला सकाळी मी कामावर हजर असेन.

हा आठवडा लेखा विभागासाठी अडचणीचा आहे, हे मला माहीत आहे. ११ ला जीएसटीआर-१, १५ ला पीएफ-ईएसआय आणि त्याच दिवशी आगाऊ कराचा तिसरा हप्ता. लग्नाची तारीख माझ्या हातात नाही, पण कामं आधी ओढून घेता येतात.

पगार आणि टीडीएसचा भरणा नेहमीप्रमाणे ७ तारखेच्या आत होईल. नोव्हेंबरची सगळी बिलं ५ तारखेला बंद करून ८ ला जीएसटीआर-१ भरून टाकते. त्यासाठी त्या दिवशी दुपारी तुमचा डीएससी टोकन अर्धा तास लागेल. एखादं बिल राहिलंच तर जीएसटीआर-३बी भरण्याआधी जीएसटीआर-१ए मधून दुरुस्ती करता येते, म्हणून स्नेहलने फक्त नोंद करून ठेवावी, पोर्टलवर काही करू नये.

पीएफची ईसीआर फाइल मी ८ पर्यंत चढवून चलन तयार ठेवते. ती अडकते ती बहुधा नव्या कामगारांमुळे : यूएएनला आधार जोडलेलं नसेल तर फाइल परत येते. त्यामुळे ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये लागलेल्या सगळ्यांचं आधार मनुष्यबळ विभागाने ३० नोव्हेंबरपर्यंत तपासून द्यावं. आगाऊ कराचा आकडा (वर्षाच्या अंदाजित कराच्या ७५ टक्क्यांतून आधीचे हप्ते वजा) सीए साहेबांकडून ८ लाच घेते. तिन्ही भरणे मात्र मोठ्या ग्राहकांचे पैसे १० नंतर जमा झाल्यावरच होतील. ते शुक्रवारी ११ ला करावेत. १५ च्या संध्याकाळवर ठेवले तर बँकेची साइट रडते आणि उशिराचं व्याज आपल्या माथी बसतं.

खरी गोम बँकेची आहे. ऑनलाइन भरणा टाकण्याचा अधिकार आज फक्त माझ्या लॉगिनला आहे आणि ओटीपी माझ्याच मोबाइलवर येतो. परदेशात तो येईलच याची खात्री नाही, आणि पासवर्ड देऊन जाणं मला योग्य वाटत नाही. स्नेहलच्या नावे वेगळं लॉगिन घ्यावं. मंजुरी आताप्रमाणे तुमचीच राहील. बँकेच्या फॉर्मसोबत संचालक मंडळाचा ठराव लागतो आणि कामाला वेळ जातो, म्हणून दिवाळीआधीच अर्ज द्यायला हवा. फॉर्म भरून तुमच्या टेबलावर ठेवला आहे. डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यातले पुरवठादारांचे भरणे तिच्याच लॉगिनमधून करून बघू, म्हणजे अडचण मी असतानाच कळेल.

पुरवठादारांपैकी ज्या लघुउद्योगांची ४५ दिवसांची मुदत ९ ते १८ मध्ये संपते, त्यांची यादी रकमेसह स्नेहलकडे असेल. इतरांचे पैसे मी आल्यावर दिले तरी चालतील. ई-वे बिलं डिस्पॅचचे गणेश त्यांच्या स्वतःच्या लॉगिनमधून काढतातच, तिथे बदल नाही. १४ ला जीएसटीआर-२बी येईल. स्नेहलने ती उतरवून खरेदीशी ताडावी आणि न जुळणाऱ्या पुरवठादारांना फोन करावेत. आयएमएसमध्ये मात्र कोणतंही बिल नाकारू नये. ३बी मी १९ ला भरते, एक दिवस हाती राहतो.

सिंगापूरची वेळ आपल्यापेक्षा अडीच तास पुढे आहे. रोज सकाळी ९.३० ते १० मी व्हॉट्सअ‍ॅप कॉलवर असेन. १२ आणि १३ तारीख तेवढी सोडा, करवलीला फोन घ्यायला सवड मिळणार नाही. त्या दोन दिवसांत काही अडलं तर सीए साहेबांच्या कार्यालयाला विचारावं. त्यांच्याशी बोलणं झालं आहे.

तिकिटं अजून काढलेली नाहीत. व्हिसाच्या अर्जाला जोडण्यासाठी रजामंजुरीचं पत्र कंपनीच्या लेटरहेडवर ५ नोव्हेंबरपर्यंत मिळालं तर बरं होईल. १६ ऐवजी १५ ला परतावं असं वाटत असेल तर तिकिटं काढण्याआधी सांगावं, तसं जमवते.

आपली विश्वासू,
मेघना
वरिष्ठ लेखापाल