जादूची पोतडी: नर्सरीसाठी पाच ज्ञानेंद्रियांचा धडा

गुरुवारी मी नाहीये म्हणून सकाळचा नर्सरीचा तास तुला घ्यायचाय, सगळं लिहून ठेवते. बावीस मुलं, तीन ते चार वर्षांची, साधारण अर्धा तास, त्याच्या वर जाऊ नकोस, नंतर पोरं लोळायला लागतात. "आज आपण पंचेंद्रिये शिकणार आहोत" असलं काही बोलू नकोस, कुणाला घेणंदेणं नसतं. सरळ पिशवी घेऊन आत जायचं.

पिशवी माझ्या कपाटाच्या खालच्या खणात आहे, लाल खणाची, तोंडाला नाडी असलेली. आत आधीच टाकलंय ते असं: नारळाची शेंडी, कापूस, स्टीलची छोटी वाटी, घुंगरांचा एक पट्टा, मोरपीस. कढीपत्ता आणि मोगरा मात्र सकाळी जांभळी नाक्यावरून ताजा घे, आदल्या दिवशीचा कढीपत्ता काही कामाचा नाही. मोती, चणे, शेंगदाणे, फुगा असलं काही घालू नकोस, या वयात घशात अडकतं. कापूरसुद्धा नको, वास मस्त असतो पण पोटात गेला तर विष आहे.

गोल बसव. पिशवी कानाशी नेऊन हलव आणि काहीच बोलू नकोस. दहा सेकंदांत सगळे गप्प होतात, खरंच. मग हळू आवाजात:

"काय वाजतंय गं आत? कोण सांगेल? कशाने ऐकलंत? डोळ्यांनी?"

डोळ्यांनी म्हटलं की सगळे ओरडतात "नाssही, कानाने!" बस, पहिलं इंद्रिय झालं. घुंगरू बाहेर काढ, एकदा वाजव, मग सगळ्यांना कानांवर हात घट्ट ठेवायला सांग आणि परत वाजव. "आता?" हळू ऐकू येतं म्हणतात, एखादा "बंद पडलं" म्हणतो.

मग एकेकाने हात घालायचा. नियम एकच आणि तो आधीच सांगून ठेव: बघायचं नाही, आणि पिशवीतलं काही तोंडात घालायचं नाही. मागच्या वर्षी मी हे सांगायला विसरले आणि एका पोराने मोरपीस अख्खं चाटलं, त्याची आई आठवडाभर माझ्याकडे संशयाने बघत होती.

हात आत गेला की विचारायचं: "मऊ आहे की टोचतंय? गार आहे की गरम? काय असेल बरं?" आणि इथे, अगं, तू थांबायचंस. मला माहितीये तुला राहवणार नाही, आपल्याला सगळ्यांनाच नाव सांगून टाकायची घाई असते, पण मनात पाचपर्यंत मोज. एका मुलीने शेंडी हाताला लागल्यावर बराच वेळ बोटं फिरवली, कपाळाला आठ्या घातल्या आणि म्हणाली, "बाबांची दाढी." मी "नारळ" म्हणून मोकळी झाले असते तर हे कधी ऐकायलाच मिळालं नसतं. त्याच पिशवीतल्या वाटीला दुसऱ्याने "एसी" म्हटलं, म्हणजे गार. दोन्ही बरोबर. "नाही, चूक" हे आजच्या तासात म्हणायचंच नाही, "अजून काय वाटतं?" म्हणायचं.

बावीस जणांचा नंबर लावलास तर तास संपेल, सहा-सातांनाच दे, बाकीच्यांना वस्तू हातोहात फिरवून दे. मग विचार, "आपल्याला कशाने कळलं?" सगळे हात वर करतात. तेव्हा मोरपीस हळूच एकेकाच्या गालावर, मानेवर, पायाच्या तळव्याला फिरव. "हात तर लावलाच नाही, मग कसं कळलं?" त्वचा हा शब्द एकदा कानावर पडू दे, पाठ करून घेऊ नकोस.

नाकासाठी सगळ्यांनी आपलेच हात आपल्या डोळ्यांवर ठेवायचे. रुमाल बांधू नकोस, दोन-तीन पोरं घाबरतात. कढीपत्ता बोटात चुरगळ, चुरगळल्याशिवाय वास सुटत नाही, आणि नाकाखालून फिरव. "कुणाच्या घरी येतो हा वास? आई काय करते तेव्हा?" फोडणी, आमटी, पोहे, काहीही उत्तर येईल. मग मोगरा. सर्दीवाला एखादा असतोच, तो म्हणेल काहीच येत नाही, त्याला नीट जवळ घे आणि सगळ्यांना सांग, याचं नाक बंद आहे म्हणून वास आत जातच नाही.

जिभेचा भाग पिशवीबाहेरचा, माझा लाडका. दोन सारख्या वाट्यांत पिठीसाखर आणि बारीक मीठ. मुलांसमोर ठेव.

"यातली साखर कुठली? बोट दाखवा."

डोळ्यांनी कळतच नाही. नुसती मारामारी होते, ही नाही ती. मग प्रत्येकाच्या तळहातावर वेगळ्या चमच्याने चिमूटभर दोन्ही टाक, हात आधी धुतलेले असू दे. मीठ चाखल्यावरची तोंडं बघायला मलाही यायचं होतं, फोटो काढून ठेव. नंतर लिंबाचा एकेक थेंब दे. वर्गात लावलेल्या जुन्या तक्त्यावर जिभेच्या टोकाला गोड, मागे कडू असं रंगवलंय ना, त्याच्याकडे बोट दाखवू नकोस, तसं काही नसतं, सगळ्या चवी जिभेवर सगळीकडे लागतात, तक्ता बदलायला मी दोनदा सांगितलंय. कुणी "तिखट!" म्हणालं तर हो म्हण, खरंतर ती चव नाही, जिभेची आग आहे, पण ते आपल्यापुरतं.

डोळ्यांसाठी वेगळं काही आणलं नाहीये, मोरपीसच परत दाखव. "आता बघा, गालावर लागलं तेव्हा रंग कळला होता का?" नाही कळला. इतकं पुरे.

मग उभं राहून हे दोनदा, हातवारे करत:

डोळे बघती, कान ऐकती,
नाक घेई वास,
जीभ म्हणते गोड गोड
द्या मला घास,
हात म्हणतो मऊ मऊ
मांजर माझ्यापास!

शेवटी चित्रांचं पान. झेरॉक्स बावीस आणि तीन जास्त, टेबलावर आहेत. वर लिहिलंय: "जोड्या लावा. जे ज्याने कळतं त्याला रेघ जोडा." डावीकडे वरून खाली डोळा, कान, नाक, जीभ, हात. उजवीकडे याच क्रमाने कुल्फी, मांजरीचं पिल्लू, फ्लेमिंगो, मोगऱ्याचा गजरा, ढोल. फ्लेमिंगो मुद्दाम घेतलाय, थंडीत ठाण्याच्या खाडीवर येतात, ऐरोलीच्या बाजूला राहणाऱ्या पोरांनी बघितलेले असतात. जाड मेणाचे खडू दे, पेन्सिल नको, रेघा वाकड्याच येणार.

तपासताना तुझ्यासाठी: फ्लेमिंगो डोळा, ढोल कान, गजरा नाक, कुल्फी जीभ, पिल्लू हात. पण कुणी पिल्लाला कानाशी जोडलं तर लगेच खोडू नकोस, जवळ बसून विचार, "का रे?" म्यांव करतं म्हणून, असं म्हणाला की दोन्ही रेघा राहू दे. कुल्फी हाताला गार लागते तेही खरंच. गजऱ्याला डोळा जोडला तरी चालेल. फक्त ढोल जिभेला जोडला असेल तर हसू आवर आणि परत घुंगरू वाजवून दाखव.

पानाच्या मागे आईबाबांसाठी एक ओळ छापलीये: "आज रात्री जेवताना डोळे मिटून एक घास खायला द्या आणि ओळखायला सांगा, पण उत्तर तुम्ही सांगू नका."

वस्तू मोजून पिशवीत परत टाक, घुंगरू नेहमी एखाद्याच्या खिशातून निघतं. कढीपत्ता उरला तर घरी घेऊन जा.