हर्णैत दोन खोल्यांचं घर भाड्याने (जाहिरात दुरुस्त केली आहे)

आधीच्या जाहिरातीत मी "६५० चौरस फूट, प्रशस्त, समुद्रकिनारी" असं लिहिलं होतं. ते वाचून एक कुटुंब लहान मुलाला घेऊन पुण्याहून आलं आणि घर बघून परत गेलं. त्यांचा दिवस माझ्यामुळे फुकट गेला, याचं मला फार वाईट वाटलं. म्हणून टेप लावून घर पुन्हा मोजलं.

बाहेरची खोली १२ × ११ फूट, झोपायची १० × १०, स्वयंपाकघर १० × ८, न्हाणी-संडास मिळून ७ × ४. भिंतीच्या आतलं माप ३४० चौरस फूट. आधीच्या आकड्यात २२ × ६ ची पडवी आणि १५ × १२ चं खळंही धरलं होतं. पडवी पावसाळ्यात कपडे वाळवायला उपयोगी पडते, पण ती खोली नव्हे. झोपायच्या खोलीत डबल बेड आणि कपाट ठेवलं की चालायला जेमतेम दोन फूट उरतात.

घरातून समुद्र दिसत नाही. किनारा पायी पंधरा मिनिटांवर, येताना चढ. वरच्या वळणावर आलात की सुवर्णदुर्ग दिसतो. बंदर जवळ आहे, त्यामुळे ताजी मासळी मिळते आणि वारा फिरला की सुकत घातलेल्या मासळीचा वासही घरात येतो. ज्यांना तो सोसत नाही त्यांनी हे घर घेऊ नये. रस्त्यापासून नऊ पायऱ्या उतराव्या लागतात, गाडी वरच लावायची.

भिंती जांभ्या चिऱ्याच्या. निसर्ग वादळात, जून २०२० मध्ये, कौलं उडाली. त्यानंतर पत्रे घातले. छप्पर गळत नाही, पण जोराच्या सरीत फोनवरचं बोलणं ऐकू येत नाही. झोपायच्या खोलीच्या पश्चिमेच्या भिंतीला लोणा लागतो. गेल्या पावसात ओल जिथवर चढली तिथे मी पेन्सिलीने रेघ मारून ठेवली आहे, जमिनीपासून ३१ इंचांवर. त्या भिंतीला गादी किंवा लाकडी कपाट टेकवू नका. दिवाळीनंतर तिथला गिलावा काढून नवा करून देईन, पण ओल पुन्हा येणारच नाही, असं वचन देत नाही.

नळाला एक दिवसाआड पाणी. विहीर सामाईक, मे महिन्यात तळ गाठते, तेव्हा टँकरचा खर्च निम्मा माझा. संडास भारतीय पद्धतीचा, गुडघेदुखी असेल तर अडचण होईल. इन्व्हर्टर नाही.

भाडं आधी ७,००० मागितलं होतं, आता ५,५००. वीजबिल वेगळं. डिपॉझिट १५,०००. करार ११ महिन्यांचा, नोंदणीचा खर्च माझा. फोटो नवे काढले आहेत, त्या भिंतीचाही आहे. बघायला शक्यतो पाऊस पडत असतानाच या, चहा मी करते.