भोसरीचं पॅनेल आणि १० नोव्हेंबर: वाटाघाटींचा रोल-प्ले

दोघांनी आपापली चिठ्ठी वाचावी. समोरच्याची वाचू नये. पात्रं काल्पनिक आहेत. चिठ्ठ्यांखाली नमुना संभाषण आहे.

केतकीची चिठ्ठी (प्रोजेक्ट मॅनेजर, चाकणचा कारखाना). एक पीसीसी, म्हणजे मुख्य वीजवाटपाचं पॅनेल, आणि दोन एमसीसी, म्हणजे मोटरींना वीज देणारी पॅनेल, १० नोव्हेंबरला यायची आहेत. आज ६ ऑक्टोबर, आणि व्हेंडर शिंद्यांचा मेल आलाय की ५ डिसेंबर. तुमची खरी अडचण २८ नोव्हेंबरची आहे: त्या दिवशी लाइन चार्ज करायची, म्हणजे तिच्यात वीज सोडायची आहे. एमसीसीवर केबल टर्मिनेशनला १० दिवस लागतात. हे शिंद्यांना माहीत नाही. उशिराचा दंड आठवड्याला अर्धा टक्का, जास्तीत जास्त ५ टक्के.

शिंद्यांची चिठ्ठी (पॅनेल बिल्डर, भोसरी). २५०० अँपिअरचा एसीबी, म्हणजे मोठा सर्किट ब्रेकर, तो बनवणाऱ्या कंपनीकडून २० नोव्हेंबरला येणार. ८ पैकी ५ वायरमन दिवाळी-छठसाठी १७ ऑक्टोबरला बिहारला निघतात, ३ नोव्हेंबरला परततात. केतकीच्या कन्सल्टंटने पॅनेलच्या मांडणीचं जीए ड्रॉइंग ११ दिवस अडवलं होतं. मागच्या कामाचं बिल ५२ दिवस थकलंय. ५ डिसेंबरमध्ये आठवडाभराची सवड धरलेली आहे.

शिंदे: मॅडम, आधीच सांगतो, ५ डिसेंबरच्या आत होणार नाही.

केतकी: तारखेचं नंतर बघू, साहेब. दोन गोष्टी आमच्याकडून राहिल्यात, त्या आधी. ड्रॉइंगचे ११ दिवस आमचे, त्या दिवसांचा दंड लागणार नाही. आणि मागचं बिल शुक्रवारी खात्यात येईल, अकाउंट्सशी बोलूनच आलेय.

*(बिल सौद्यात वापरायचं नाही. व्हेंडर सूक्ष्म किंवा लघु उद्योग म्हणून नोंदलेला असेल तर २००६ च्या एमएसएमई कायद्याने ते ४५ दिवसांत द्यायलाच हवं. आपलंच देणं बक्षीस म्हणून पुढे केलं की समोरचा मनातून उठून जातो. आणि ड्रॉइंगचा मुद्दा शिंद्यांनी काढायच्या आत आपण काढला, म्हणजे त्यांच्या हातातलं पान संपलं.)*

शिंदे: बरं झालं बोललात. पण एसीबी माझ्या हातात नाही.

केतकी: मान्य. तीनही पॅनेल एसीबीसाठीच थांबलीत का?

शिंदे: नाही, एसीबी फक्त पीसीसीला. एमसीसीचे छोटे ब्रेकर, एमसीसीबी, स्टॉकमध्ये आहेत.

केतकी: मग एमसीसी कशासाठी अडल्यात?

शिंदे: वायरिंग. पोरं गावाला जाणार.

*(इथे केतकीने गप्प बसावं. चारपाच सेकंद जड जातात, पण बहुतेक जण ती शांतता भरून काढायला "आपण बघू" म्हणतात आणि शिंद्यांना सुटका मिळते.)*

शिंदे: ...पावडर कोटिंग ९ तारखेला येतंय. ओव्हरटाइम लावला तर एक एमसीसी १७ च्या आत वायर होईल. दुसरी मात्र ३ नोव्हेंबरनंतरच.

केतकी: चालेल. पहिली भाऊबीजेनंतर, २५ ऑक्टोबरला पाठवा. दुसरी १२ नोव्हेंबरला. ओव्हरटाइमचा खर्च तुमच्यावर येतोय, म्हणून प्रत्येक पॅनेल निघालं की त्याचे ९० टक्के लगेच, तिन्हीची वाट बघायची नाही.

शिंदे: हे लिहून द्याल?

केतकी: आजच. आता पीसीसी. एसीबी ड्रॉआउट आहे ना? क्रेडल, म्हणजे ब्रेकर बसतो ती चौकट, आधी मिळाला तर बसबार जोडून पॅनेल पूर्ण होतं. ब्रेकर नंतर साइटवर आत सरकवता येईल.

शिंदे: क्रेडल सुटा मागायला हवा. ते माझं ऐकत नाहीत.

केतकी: आमचे पर्चेस हेड उद्या त्यांना पत्र देतील. नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात क्रेडल आला तर पीसीसी कधी?

शिंदे: १७ नोव्हेंबर. पण ब्रेकरशिवाय फॅक्टरी टेस्ट अर्धीच होणार.

केतकी: मेगर आणि हाय व्होल्टेज या इन्सुलेशनच्या टेस्ट तुमच्याकडे, ब्रेकरच्या ऑपरेशनची टेस्ट साइटवर, तुमच्या माणसासमोर. ब्रेकर २२ तारखेला. तो चुकला तर माझी चार्जिंग चुकते, साहेब. तिथे मी दंड सोडू शकत नाही.

*(दंडाचं नाव एकदाच, शेवटी, आणि कशासाठी ते सांगून. सुरुवातीला काढलं असतं तर एमसीसीबी स्टॉकमध्ये असल्याचं वाक्य शिंद्यांच्या तोंडून निघालंच नसतं. २८ तारीख केतकीने सांगितली नाही, खोटी तारीखही सांगितली नाही. पुढच्या कामाला हाच माणूस लागणार आहे.)*

शिंदे: कंपनीनेच उशीर केला तर?

केतकी: त्यांचं पत्र त्याच दिवशी मला पाठवा, तेवढे दिवस वगळू. नंतर सांगितलंत तर नाही.

बैठकीनंतर त्याच संध्याकाळी केतकीचा मेल:

शिंदे साहेब, आज ठरलं ते असं. एमसीसी-१ दि. २५ ऑक्टोबर, एमसीसी-२ दि. १२ नोव्हेंबर, पीसीसी क्रेडलसह १७ नोव्हेंबर, ब्रेकर २२ नोव्हेंबर. प्रत्येक पॅनेल निघताना ९० टक्के. आमच्याकडचे ११ दिवस दंडातून वगळले. क्रेडलसाठी पत्र उद्या आमच्याकडून. दर शुक्रवारी दुपारी ४ पर्यंत वायरिंगचे फोटो पाठवावेत. काही वेगळं ठरलं असल्यास उद्या १२ च्या आत कळवा.