करारापूर्वी दहा दिवसांच्या सशुल्क वास्तव्याबाबत विनंती

आदरणीय जोशीकाका,
सप्रेम नमस्कार.

घोडबंदर रोडवरील आपला फर्निचरसह असलेला फ्लॅट आम्हां दोघांना मनापासून आवडला आहे. मात्र ३६ महिन्यांचा लिव्ह अँड लायसन्स करार करण्यापूर्वी १ ते १० तारखेपर्यंत तिथे सशुल्क राहून पाहता येईल का, अशी विनंती आहे. माझ्या सासूबाईंची झोप फार सावध आहे आणि रस्त्यावरील अवजड वाहनांचा आवाज रात्री बेडरूमपर्यंत कितपत येतो, हे दुपारच्या अर्ध्या तासाच्या भेटीत कळणे शक्य नव्हते. शिवाय पलंग व गादी त्यांच्या पाठीला मानवते का, हेही पाहायचे आहे.

या दिवसांचे १५,००० रुपये व वीजबिल आम्ही देऊ, तसेच २०,००० रुपये अनामत आगाऊ ठेवू. सामानाची यादी फोटोंसह दोघांच्या सहीने करावी. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ नुसार करार लेखी व नोंदणीकृत असावा लागतो, म्हणून या अल्प मुदतीचीही रीतसर नोंदणी आमच्या खर्चाने करू. सोसायटीची संमती मात्र आपणच विचारावी.

हे शक्य नसल्यास निःसंकोच सांगावे.

आपली नम्र,
मेघना