माझ्या जर्मन आजीला, म्हणजे ओमाला, ऐंशीव्या वाढदिवसाचं पत्र

पुणे, २० ऑगस्ट २०२५

तीर्थरूप ओमा,

साष्टांग नमस्कार.

आज १४ सप्टेंबर आहे ना? नसेल तर पत्र परत पाकिटात ठेव. वाढदिवसाच्या आधी शुभेच्छा द्यायच्या नाहीत, हे तूच मला शिकवलंस. तुमच्याकडे ते अशुभ मानतात. म्हणून मी पाकिटावर मोठ्या अक्षरात तारीख लिहिली आहे. मला माहीत आहे, पाकीट तू फाडणार नाहीस. सुरीने हळूच कापशील. मग ते जपून ठेवशील.

तर आता म्हणते. ओमा, ऐंशीव्या वाढदिवसाच्या तुला खूप खूप शुभेच्छा! तुला उदंड आयुष्य मिळो. तुझे गुडघे तुला त्रास न देवोत. आल्लेस गूटे त्सुम गेबुर्ट्सटाग!

भेट काय हवी, असं मी तुला जूनमध्ये विचारलं होतं. तू म्हणालीस, "मला मराठीत पत्र पाहिजे. सोपं." म्हणून मी छोटी वाक्यं लिहिते आहे. अक्षरं मोठी काढली आहेत. तू बोट ठेवून वाचतेस, ते माझ्या डोळ्यांसमोर आहे. अवघड शब्द आला तर खाली रेघ मार. रविवारी फोनवर विचार.

"तीर्थरूप" हा एक अवघड शब्द आहेच. आजोबा त्यांच्या आईला पत्र लिहायचे तेव्हा असंच लिहायचे. घरातल्या मोठ्या माणसांना असं लिहितात. आणि पुढच्याच ओळीत मी तुला "तू" म्हणते! पण मराठीत आजीला "तू"च म्हणतात. जर्मनमध्येही मी तुला "डू"च म्हणते. त्यात आदर कमी नाही. उलट "तुम्ही" म्हटलं तर तूच विचारशील, काय चुकलं माझं?

आजोबांना मात्र तू "अहो" म्हणायचीस. बाबा ती गोष्ट अजून सांगतात. आजोबा १९६७ साली सांगलीहून स्टुटगार्टला शिकायला आले. १९७० साली तुमचं लग्न झालं. सांगलीच्या सासूबाईंनी तुला सांगितलं, नवऱ्याला नावाने हाक मारायची नाही. तू परत गेल्यावर जिन्यात जोरात हाक मारलीस, "अहो!" शेजाऱ्यांना वाटलं, हेच त्यांचं नाव. मग सगळी इमारत त्यांना "हेर आहो" म्हणायला लागली. आजोबांनी कधी दुरुस्त केलं नाही. त्यांना ते नाव आवडलं असणार.

मी नऊ वर्षांची असताना तुमच्याकडे महिनाभर राहिले होते. तेव्हा दारावर एक पाटी आली. केअरवोखे. म्हणजे त्या आठवड्यात जिना झाडायची पाळी आपली. मला वाटलं, बक्षीस मिळालं! तू मला छोटा झाडू दिलास. वरून खाली झाडायचं, कोपरे आधी काढायचे, असं दाखवलंस. मी एक पायरी सोडली. तू काही बोलली नाहीस. फक्त त्या पायरीजवळ उभी राहिलीस. मी परत वर गेले. आजही मी घर झाडते तेव्हा कोपरे आधी काढते. आईला अजून कळलेलं नाही, ही सवय कुठून आली.

त्याच महिन्यात तू मला "मॉयझ्ले" म्हणायला लागलीस. छोटा उंदीर. मग तुला वाटलं, मराठीतही म्हणावं. पुण्याला आलीस तेव्हा सगळ्या पाहुण्यांसमोर मला हाक मारलीस, "ए उंदरी, इकडे ये!" माझे मावसभाऊ हसून हसून लोळले. ते अजूनही चिडवतात. पण मला चालतं. दुसऱ्या कुणी म्हटलं तर मात्र चालत नाही.

ओमा, तुझा "ळ" कसा आहे? आजोबा तुझ्याकडून रोज "काळा कावळा" म्हणून घ्यायचे. तू म्हणायचीस, "काला कावला." मग तू त्यांना "आइश्होर्न्शेन" म्हणायला लावायचीस. खारीसाठी एवढा मोठा शब्द! त्यांना पंचावन्न वर्षांत तो नीट आला नाही. दोघांची बरोबरी झाली, असं ते म्हणायचे.

ते गेले त्याला आता तीन वर्षं होतील. तेव्हा तू फोनवर एक वाक्य बोलली होतीस. "आता घरात मराठी नाही." मी तेव्हा काही बोलू शकले नाही. जर्मनमध्येही नाही आणि मराठीतही नाही. पण ते वाक्य माझ्या मनात राहिलं. म्हणून हे पत्र मी एका दिवसात लिहिलेलं नाही. रोज थोडं लिहिलं. तूही एका दिवसात वाचू नकोस. रोज थोडं वाच. मोठ्याने वाच. खिडकीजवळच्या त्यांच्या खुर्चीत बसून वाच.

आणि रविवारच्या फोनवर पहिली दहा मिनिटं फक्त मराठी बोलायचं. चुकलं तरी चालेल. मीही तुझ्याशी जर्मन बोलताना डेअर, डी, डास चुकते. तू कधी हसली नाहीस.

यंदा तुझा वाढदिवस रविवारीच आहे. म्हणजे दुकानं बंद. तुझा आलूबुखाराचा केक शनिवारीच तयार असणार. त्स्वेच्गेनकूखन. (हा शब्द देवनागरीत लिहायला मला पाच मिनिटं लागली.) तुमच्याकडे दुपारी चार वाजता सगळे कॉफीला बसतील. तेव्हा इथे साडेसात वाजलेले असतील. आम्ही बरोबर त्याच वेळी फोन करू. आई निरांजन लावणार आहे. तू फोनसमोर बस. आम्ही तुला इथूनच ओवाळू. पाहुण्यांना आधी सांगून ठेव, नाहीतर ते दिवा बघून फुंकर मारायला सांगतील.

आता महत्त्वाची गोष्ट. आपल्याकडे माणसाने हजार पौर्णिमा पाहिल्या की सोहळा करतात. त्याला सहस्रचंद्रदर्शन म्हणतात. मी बसून हिशेब केला. तू जन्मलीस १४ सप्टेंबर १९४५ रोजी. युद्ध संपून चार महिने झाले होते. तुझी पहिली पौर्णिमा त्याच महिन्यात आली. आजपर्यंत ९९० झाल्या. दहा बाकी आहेत. हजारावी येईल पुढच्या वर्षी २९ जूनला. त्या दिवशी आपल्याकडे वटपौर्णिमा आहे.

तो सोहळा आधी करायचा नाही. तूच म्हणशील, आधी नको. म्हणून आम्ही सगळे जूनमध्ये तुझ्याकडे येत आहोत. बाबांनी सुट्टी मागितली आहे. मी चांदीचं निरांजन आणते. तू जिन्याची पाळी त्या आठवड्यात घेऊ नकोस. आलीच तर पाटी काढू नकोस. झाडू मला दे.

तुझ्या पाया पडते. तुला घट्ट मिठी मारते.

तुझी,
उंदरी

ता. क. सोबतच्या डब्यात सांगलीचं भडंग आहे. आजोबा आणायचे त्याच दुकानातलं. तिखट आहे. पहिल्या मजल्यावरच्या बाईंना देताना आधी सांग. मागच्या वेळी त्या पूर्ण एक बाटली पाणी प्यायल्या होत्या.