९,१३२ दिवस

प्रिय मृणाल,

आज बुधवार, ११ डिसेंबर २०२४. आपल्या लग्नाला आज ९,१३२ दिवस पूर्ण झाले. लग्नाच्या वाढदिवसाच्या तुला मनःपूर्वक शुभेच्छा. 'पंचवीस वर्षे झाली' एवढे म्हणून मला मोकळे होता आले असते, आणि आज दिवसभर जे कोणी फोन करतील ते तेवढेच म्हणतील. परंतु वर्षांत दिलेले उत्तर तुला चालत नाही, हे मला चांगलेच ठाऊक आहे.

२००९ साली आजच्याच तारखेला मी रात्री साडेनऊला घरी आलो, तेव्हा मला काहीही आठवत नव्हते. तू रागावली नाहीस. टेबलावरची वही मिटलीस आणि विचारलेस, "आपल्या लग्नाला किती दिवस झाले?" मी क्षणभर गडबडलो, भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहिले आणि मोठ्या आत्मविश्वासाने "दहा वर्षे" असे सांगितले. "मी दिवस विचारले," एवढेच बोलून तू आत गेलीस. त्या दिवशीचे उत्तर ३,६५३ असे होते. ते द्यायला मला पंधरा वर्षांचा उशीर झाला आहे, म्हणून आजचा आकडा तरी वेळेवर आणि नीट पडताळून देत आहे.

हिशेब मी आधी कागदावरच केला. पंचवीस वर्षांचे, प्रत्येकी ३६५ प्रमाणे, ९,१२५ दिवस होतात. त्यांत २९ फेब्रुवारी किती वेळा आली ते मोजले: २०००, २००४, २००८, २०१२, २०१६, २०२० आणि २०२४, म्हणजे सात वेळा. बेरीज ९,१३२. मग ताळा म्हणून या संख्येला सातने भागले. १,३०४ आठवडे होऊन चार दिवस उरले. आपले लग्न शनिवारी झाले, आणि शनिवारपासून चार दिवस पुढे गेले की बुधवार येतो, जो आज आहे. एवढ्यावरही समाधान न झाल्यामुळे संगणकाच्या तक्त्यात हे सूत्र घातले:

```
=DATE(2024,12,11)-DATE(1999,12,11)
```

तिथेही तेच उत्तर आले. (तासांत सांगायचे तर २,१९,१६८, पण तासांचा हिशेब मागण्याची कल्पना कृपया मनात आणू नकोस.)

हे सगळे करताना एक गोष्ट लक्षात आली, आणि खरे म्हणजे तीच सांगण्यासाठी हे पत्र लिहिले. तुला आठवत असेल, लग्नासाठी दोन तारखा पुढे होत्या: ११ डिसेंबर १९९९ आणि ११ मार्च २०००. दोन्ही शनिवार. घरातल्या बहुतेकांचे मत मार्चच्या बाजूने होते, कारण तोवर माझी परीक्षा संपणार होती, आणि मीही त्यांच्यातच होतो. तू एकटीने डिसेंबरचा आग्रह धरलास. परीक्षा लग्नानंतरही देता येते, असे तू शांतपणे सांगितलेस आणि पुढे कोणाला वाद घालायला जागाच उरली नाही. आता गंमत पाहा. लग्न मार्चमध्ये झाले असते तर २९ फेब्रुवारी २००० आपल्या हातातून निसटली असती आणि पंचवीस वर्षे ९,१३१ दिवसांतच आटोपली असती. तुझ्या आग्रहामुळे आपल्याला एक दिवस जास्त मिळाला. शिवाय तो साधासुधा लीप दिवसही नव्हता, कारण शतकाच्या वर्षाला ४०० ने भाग गेला तरच त्या वर्षी २९ फेब्रुवारी येते. १९०० साली ती आली नव्हती, आणि २१०० साली येणार नाही.

त्या जास्तीच्या दिवशी आपण काय केले, हे मी जुन्या डायरीत शोधले. तो मंगळवार होता, लग्नाला ८० दिवस झाले होते, आणि डायरीत दोनच शब्द आहेत: "किल्ली हरवली." बाकीचे मला डायरीवाचून आठवते. घरमालक येईपर्यंत आपण जिन्यात बसलो होतो, माझ्या मांडीवर अभ्यासाची पुस्तके आणि तुझ्या हातात चपलेचा तुटलेला बंद, जो तू सेफ्टी पिनेने जोडू पाहत होतीस. वेळ जात नव्हता म्हणून आपण जिन्याच्या पायऱ्या मोजल्या. माझ्या त्या २२ भरल्या, तुझ्या २३. पुन्हा मोजल्या, तरी तेच. अखेर उलगडा झाला की जिन्याच्या तळाची फरशी तू पहिली पायरी धरत होतीस. तिथे पाय वर उचलावा लागत नाही, म्हणून ती पायरी नव्हे, असे माझे म्हणणे होते, "जिथून चढायला सुरुवात केली, ती जागा मोजायचीच नाही का?" असे तुझे. घरमालक किल्ली घेऊन आले, तरी तो वाद मिटला नव्हता.

म्हणून आता तू काय म्हणणार, हे मला लिहितानाच ऐकू येते आहे. लग्नाचा दिवस तू पहिला धरणार, आणि त्या हिशेबाने आजचा दिवस ९,१३३ वा ठरतो. माझा आकडा पूर्ण झालेल्या दिवसांचा आहे आणि तो चुकीचा नाही. परंतु लग्नाचा दिवस शून्य म्हणून सोडून देणे मलाही आता पूर्वीइतके पटत नाही. दोन्ही आकडे बरोबर आहेत, असे मी लेखी मान्य करतो. पायऱ्यांबाबत मात्र माझे मत अजून तेच आहे.

आणखी एका बाबतीत मी घुटमळलो. नोकरीसाठी मी ३ ऑगस्ट २००७ रोजी परगावी गेलो आणि ३० एप्रिल २००८ रोजी परतलो. ते २७१ दिवस यात धरावेत की वजा करावेत? सात लीप दिवसांपैकी एक त्यांतच गेला, फोनवर बोलण्यात. वजा केले तर ८,८६१ उरतात. ती वजाबाकी मी कागदावर केली आणि लगेच खोडून टाकली. तू विचारलेस ते लग्नाला झालेले दिवस, आणि त्या नऊ महिन्यांत घराचा सगळा भार एकटीने सांभाळताना तू जितकी माझी पत्नी होतीस, तितका मी त्या काळात क्वचितच कोणाच्या उपयोगी पडलो असेन. ते दिवस तुझ्या नावावर जमा आहेत.

पुढचा मोठा आकडा दहा हजारांचा. माझ्या मोजणीने तो बुधवारी, २८ एप्रिल २०२७ रोजी पूर्ण होतो, आणि तुझ्या मोजणीने दहा हजारावा दिवस त्याच्या आदल्या दिवशी, मंगळवारी येतो. मी दोन्ही दिवसांची रजा टाकणार आहे. तूही टाकावीस, ही विनंती.

तुझाच,
श्रीधर