दहा बाय दहाच्या खोलीतले अंतर: धारावी, २०२०

धारावीत करोनाचा पहिला रुग्ण १ एप्रिल २०२० रोजी आढळला आणि त्याच दिवशी दगावला. तोवर देशभर एकच सूचना घुमत होती: घरातच राहा, एकमेकांपासून अंतर ठेवा, लक्षणे दिसली तर स्वतंत्र खोलीत थांबा. सुमारे अडीच चौरस किलोमीटर जागेत साडेआठ लाखांच्या आसपास माणसे राहतात त्या वस्तीत या सूचनेतला एकही शब्द जसाच्या तसा पाळता येण्याजोगा नव्हता.

कारण तिथले घर म्हणजे बहुतेकदा दहा बाय दहाची एक खोली. तिच्यातच चूल, मोरी आणि कपड्यांची दोरी असते, आणि वर पोटमाळा असलाच तर तिथे शिडीने चढून आणखी तिघे-चौघे झोपतात. अनेक गल्ल्या इतक्या चिंचोळ्या की समोरून कुणी आले तर भिंतीला पाठ लावून वाट द्यावी लागते. जवळपास ऐंशी टक्के रहिवासी ज्यांवर अवलंबून आहेत ती सार्वजनिक शौचालये सुमारे ४५०. म्हणजे माणसाने दिवसभर दार लावून घेतले तरी पहाटे त्याला डबा घेऊन रांगेत उभे राहावेच लागणार. अहवालांत हा सगळा मजकूर ‘लोकसंख्येची घनता’ या एका ओळीत मावतो. ती ओळ उलगडली नाही तर पुढे काय केले आणि ते का केले, हे कळतच नाही.

महापालिकेच्या जी उत्तर विभागाने जे ठरवले त्याचे मर्म असे: रुग्ण आपल्याकडे येण्याची वाट पाहायची नाही, आपणच त्याच्यापर्यंत जायचे. माणूस खोकू लागून, घाबरून, चार दिवस अंगावर काढून मग दवाखान्यात पोहोचतो, तोवर त्या खोलीतल्या सगळ्यांना लागण झालेली असते. म्हणून वस्तीतच दवाखाने चालवणाऱ्या खासगी डॉक्टरांना सोबत घेण्यात आले. माझ्या मते ही या कामातली सर्वांत मोलाची गोष्ट होती, कारण पांढऱ्या पोशाखातल्या अनोळखी पथकाला पाहून जे दार बंद होते, तेच दार वर्षानुवर्षे औषध देणाऱ्या डॉक्टरांसाठी उघडते.

घरोघरची ही तपासणी मात्र फार काळ चालली नाही. एप्रिलचा उकाडा, वर पत्रा, अंगात नखशिखान्त पीपीई किट. त्या दमट गल्ल्यांतून तासन्‌तास फिरणे डॉक्टरांना असह्य झाले. तेव्हा माघार न घेता पद्धत बदलण्यात आली: वस्तीच्या निरनिराळ्या भागांत ताप-तपासणीची शिबिरे भरली, फिरत्या दवाखान्यांच्या गाड्या लागल्या, थर्मल स्कॅनरने ताप आणि बोटाला ऑक्सिमीटर लावून प्राणवायू पाहिला जाऊ लागला, आणि संशयितांचे नमुने घेतले जाऊ लागले.

दुसरा प्रश्न होता तो संशयितांना ठेवायचे कुठे याचा. घरात वेगळी खोली नाही, तर ती घराबाहेर उभी करायची, या साध्या विचाराने शाळा आणि क्रीडासंकुल विलगीकरणासाठी घेण्यात आले, आणि तिथल्या माणसांच्या जेवणाची व औषधाची सोय पालिकेने केली. हातावर पोट असलेला माणूस जेवणाची खात्री नसेल तर लक्षणे लपवणारच, म्हणून अन्नवाटप हा इथे उपचाराचाच भाग होता. शौचालयांचे निर्जंतुकीकरण दिवसातून अनेकदा होऊ लागले. प्राणवायूची सोय असलेले २०० खाटांचे रुग्णालय १४ दिवसांत उभे राहिले.

परिणाम मोजायचा तर एकूण रुग्णसंख्येपेक्षा एक आकडा अधिक बोलका आहे. शंभर रुग्णांचे दोनशे व्हायला किती दिवस लागतात? धारावीत एप्रिलमध्ये त्याला १८ दिवस लागत होते, मेमध्ये ४३ आणि जूनमध्ये ७८. हा आकडा वाढत गेला म्हणजे रोज रुग्णालयाच्या दारात येणारी रांग आखडत गेली आणि अत्यवस्थ माणसाला खाट मिळण्याची शक्यता वाढत गेली. १० जुलै २०२० रोजी जागतिक आरोग्य संघटनेच्या महासंचालकांनी, साथ जोरात असतानाही ती आटोक्यात आणता येते याचे उदाहरण म्हणून, इटली, स्पेन आणि दक्षिण कोरियाच्या बरोबरीने धारावीचे नाव घेतले.

या यशाचे सारे श्रेय तपासणीला देणे मात्र योग्य होणार नाही. टाळेबंदी होती, शिवाय काम बुडाल्यामुळे हजारो परप्रांतीय कामगार त्याच काळात गावी निघून गेले होते आणि खोल्यांतली गर्दी तेवढी ओसरली होती. त्यातला नेमका वाटा वेगळा काढता येत नाही. पण जे मागे राहिले त्यांच्या गल्लीपर्यंत तपासणी पोहोचली होती आणि त्यांना झोपायला दुसरी जागा मिळाली होती, हेही तितकेच खरे.

२५ डिसेंबर २०२० रोजी, पहिला रुग्ण सापडल्यापासून प्रथमच, धारावीच्या नोंदीत नव्या रुग्णांच्या रकान्यात शून्य लिहिले गेले.